मन शांत करणारं सप्लिमेंट आता सुटत नाही

प्रश्न: नमस्कार डॉक्टर. मी ३४ वर्षांचा आहे. चारचौघांत बोलायची वेळ आली की छातीत धडधडतं, घशाला कोरड पडते. आठ महिन्यांपूर्वी मन शांत ठेवणारं सप्लिमेंट म्हणून फेनिबटची पावडर ऑनलाइन मागवली. पहिल्यांदा अर्धा ग्रॅम घेतलं तेव्हा वाटलं, बाकीची माणसं रोज अशीच जगत असतील! तेव्हा आठवड्यातून एक-दोनदा घ्यायचो. आता रोज सकाळी दीड ग्रॅम आणि संध्याकाळी एक ग्रॅम लागतं, आणि त्यानं छान वाटत नाही, फक्त ठीक वाटतं. मागच्या महिन्यात पार्सल उशिरा आलं. दुसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले, रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही, मागे कुणीतरी उभं आहे असं सारखं वाटायचं. तिसऱ्या दिवशी पार्सल आलं, पावडर घेतली आणि तीन तासांत माणसात आलो. माझा मूळचा आजार एवढा मोठा आहे का? मग हे आयुष्यभर घेतलं तर काय बिघडलं? शेवटी ते अमिनो आम्ल आहे, औषध नव्हे. दुसरीकडे वाटतं, लागून तीन सुट्ट्या आहेत, शुक्रवारी रात्री डबा फेकून द्यावा आणि दात-ओठ खाऊन तीन दिवस काढावेत. झोपेसाठी मित्राकडे गोळ्या आहेत. बायकोला यातलं काही माहीत नाही. काय करू?

उत्तर:

नमस्कार.

बाकी काहीही सांगण्याआधी एक विनंती. शुक्रवारी डबा फेकू नका. आज जेवढं घेताय तेवढंच, त्याच वेळांना, डॉक्टरांशी बोलणं होईपर्यंत घेत राहा. ज्या पदार्थातून तुम्हाला बाहेर पडायचंय तोच घेत राहा असं सांगणं विचित्र वाटेल, पण रोज अडीच ग्रॅम फेनिबट घेणाऱ्या माणसानं ते एका रात्रीत बंद करणं हे घेत राहण्यापेक्षा जास्त धोक्याचं आहे. असं का, ते नीट सांगते.

‘अमिनो आम्ल’ या शब्दानं तुम्हाला धीर दिला, आणि डब्यावर तो छापणाऱ्यांना तेच हवं असतं. आपल्या मेंदूत गाबा नावाचं एक रसायन आहे. मज्जापेशींची खळबळ ते शांत करतं. नुसतं गाबा तोंडावाटे घेतलं तर त्यातलं फारच थोडं मेंदूपर्यंत पोचतं, कारण रक्त आणि मेंदू यांच्यामधला पडदा ते सहजी आत सोडत नाही. फेनिबट म्हणजे याच गाबाच्या रेणूला एक फेनिल कडं जोडलेलं. या एका बदलामुळे तो रेणू पडदा ओलांडतो. १९६०च्या दशकात सोव्हिएत संघातल्या संशोधकांनी तो औषध म्हणूनच तयार केला. रशियात तो आजही औषधच आहे: २५० मिलिग्रॅमची गोळी, साधारणपणे एका वेळी एक किंवा दोन, दिवसातून तीनदा, डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि काही आठवड्यांपुरतीच. तुमचा आजचा डोस म्हणजे अशा दहा गोळ्या, रोज, देखरेखीशिवाय. रासायनिक वर्णन म्हणून ‘अमिनो आम्ल’ खोटं नाही, पण त्यावरून ते डाळीतल्या प्रथिनासारखं निरुपद्रवी ठरत नाही.

आता ते मेंदूत काय करतं ते बघू. मज्जापेशींवर गाबाचा निरोप टिपणारे गाबा-बी नावाचे ग्राहक असतात. फेनिबट त्यांना जाऊन चिकटतं. स्नायूंचा ताठरपणा कमी करायला बॅक्लोफेन नावाचं औषध देतात, तेही याच ग्राहकांवर काम करतं. दोघांच्या रचनेत फक्त एका क्लोरीन अणूचा फरक आहे. शिवाय पेशींमधल्या कॅल्शियमच्या एका मार्गावरही फेनिबटचा परिणाम होतो. नसांच्या दुखण्यावर देतात ती गॅबापेंटिन आणि प्रीगॅबालिन ही औषधं तिथंच काम करतात. म्हणजे ज्या दोन प्रकारची औषधं अचानक थांबवू नका असं आम्ही रुग्णांना बजावून सांगतो, त्या दोन्हींची कामं करणारा पदार्थ तुम्ही चमच्यानं घेत होतात.

बाहेरून रोज शांतता मिळायला लागली की मेंदू स्वस्थ बसत नाही. तो आपला तोल परत आणायला बघतो. ग्राहकांचा प्रतिसाद मंदावतो आणि पेशींना जागं ठेवणाऱ्या यंत्रणा जोर धरतात. दोघांनी दोन बाजूंनी एकच दार रेटून धरावं, तशी ही अवस्था असते. दार जागच्या जागी दिसतं, म्हणून सगळं ठीक वाटतं. पण दोन्ही बाजूंचा जोर रोज वाढत असतो. तुम्हाला अर्ध्या ग्रॅमवरून अडीच ग्रॅमवर यावं लागलं आणि तरीही फक्त ‘ठीक’ वाटतं, त्याचं कारण हे. यात तुमच्या मनाचा कमकुवतपणा कुठेच नाही. रोज घेतलं तर काही दिवसांतच फेनिबटचा परिणाम बोथट व्हायला लागतो. पार्सल आलं नाही तेव्हा एका बाजूचा हात एकदम निघाला आणि दुसऱ्या बाजूचा सगळा जोर मोकळा सुटला.

त्या दोन दिवसांवरून तुम्ही जो निष्कर्ष काढलात तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण बाकीचे चुकीचे निर्णय त्यातूनच निघतात. तुम्हाला वाटलं, औषध उतरलं आणि खाली दडलेला खरा आजार दिसला. पण आठ महिन्यांपूर्वीचा त्रास आठवा. तो बोलायच्या प्रसंगी व्हायचा आणि प्रसंग संपला की ओसरायचा. हात थरथरणं, संपूर्ण रात्र जाग, मागे कुणी उभं असल्याचा भास, यातलं काही तेव्हा होतं का? तुमच्या पत्रात तरी नाही. जी लक्षणं आधी कधीच नव्हती, फेनिबट थांबल्यावर दुसऱ्या दिवशी आली आणि ते पोटात गेल्यावर तीन तासांत गेली, ती फेनिबट थांबल्याची लक्षणं आहेत. तुमचा मूळचा आजार किती मोठा, हे त्यावरून कळत नाही. शरीर किती सरावलंय एवढंच कळतं. थांबवल्यावर मूळची चिंताही काही दिवस दुपटीनं उसळून येते, त्यामुळे हा गोंधळ जवळजवळ प्रत्येकाचा होतो. ‘बघा, मला हे लागतंच’ असं म्हणून माणूस परत डब्याकडे वळतो.

आता शुक्रवारचा बेत जसा घडेल तसा डोळ्यांसमोर आणून बघू. शुक्रवारी संध्याकाळचा एक ग्रॅम शेवटचा. २५० मिलिग्रॅमच्या डोसवर मोजलं तेव्हा साधारण सव्वापाच तासांत रक्तातलं फेनिबट निम्मं झालेलं दिसलं आहे. मोठ्या डोसचा परिणाम जास्त वेळ रेंगाळतो, म्हणून शनिवारी सकाळी ‘एवढं काही नाही’ असंही वाटेल. शनिवारी संध्याकाळी अस्वस्थता, घाम, धडधड. रात्री झोप नाही. रविवारी थरथर वाढते, आवाज आणि उजेड नकोसा होतो. तुम्ही तीन दिवस मोजलेत, पण तिसरा दिवस हा बहुधा शेवट नसतो, शिखराच्या आसपासचा असतो. त्रास एक-दोन आठवडे चालू शकतो, झोप त्याहून जास्त दिवस बिघडलेली राहू शकते. मोठ्या डोसवरून अचानक थांबलेल्या काहींना भास झाले, वेळ-जागेचं भान सुटलं, फिट आल्या, अतिदक्षता विभागात ठेवावं लागलं, अशा नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. प्रत्येकाचं असं होत नाही. पण तुम्हाला दुसऱ्याच दिवशी कुणी मागे असल्यासारखं वाटलं होतं, म्हणून तुमच्या बाबतीत मी हा धोका हलका धरणार नाही.

आणि त्या बेतातला सगळ्यात वाईट भाग मित्राकडच्या गोळ्यांचा आहे. झोपेच्या बऱ्याच गोळ्या गाबाच्या दुसऱ्या प्रकारच्या ग्राहकांवर काम करतात, गाबा-एवर. त्या फेनिबटची जागा पूर्ण भरून काढत नाहीत, म्हणून एका गोळीनं भागत नाही. समजा रविवारी रात्री तुम्ही दोन गोळ्या घेतल्यात, तरी झोप आली नाही, धीर सुटला आणि कचऱ्यातला डबा परत काढलात. फेनिबटचा पूर्ण परिणाम जाणवायला दोन ते चार तास लागतात. तासाभरात फरक पडला नाही म्हणून अजून एक चमचा घेतलात. पहाटे हे सगळं एकत्र चढतं आणि श्वास मंदावतो. दारूच्या बाबतीतही हेच. अफूजन्य वेदनाशामकं तर याहूनही घातक. त्या गोळ्या मित्राकडेच राहू द्या.

मग आयुष्यभर घेत राहिलात तर? तुम्ही हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारलाय, म्हणून उत्तर देते. पहिली गोष्ट, डोस अडीच ग्रॅमवर थांबणार नाही. आठ महिन्यांत पाचपट झालाय. दुसरी, तुमचा पुरवठा तुमच्या हातात नाही. ऑस्ट्रेलियानं २०१८मध्ये फेनिबट प्रतिबंधित पदार्थांच्या यादीत टाकलं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २०१९मध्ये ते आहारपूरक म्हणून विकणाऱ्या कंपन्यांना इशारापत्रं पाठवली, कारण त्यांच्या मते ते कायद्याच्या व्याख्येत आहारपूरक घटक ठरतच नाही. एखादा विक्रेता बंद झाला किंवा पार्सल अडकलं, की तुम्ही मागच्या महिन्यासारखेच तयारीशिवाय उघड्यावर पडाल. तिसरी, सप्लिमेंटच्या डब्यात लेबलावर लिहिलेलंच आणि तेवढंच असेल याची खात्री नसते. म्हणून आयुष्यभर घेण्याचा पर्याय मला पर्याय वाटत नाही. बाहेर पडायचंच, फक्त हळूहळू.

हळूहळू म्हणजे कसं, याचा अंदाज यावा म्हणून तुमच्याच आकड्यांवर एक आराखडा मांडते. तो डॉक्टरांसमोर ठेवायला आहे. तुमचं मूत्रपिंड, वजन, इतर औषधं बघून ते तो बदलतील. फेनिबट मोठ्या प्रमाणात मूत्रावाटेच बाहेर पडतं, त्यामुळे मूत्रपिंडाची तपासणी आधी हवी.

सुरुवातीला काहीच कमी करायचं नाही, फक्त मोजायचं. चमच्यानं घेतलेली पावडर प्रत्येक वेळी वेगळी भरते, दाबून भरली तर जास्त, सैल भरली तर कमी. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा वजनकाटा आणा. ‘अडीच ग्रॅम’ म्हणताय ते खरोखर किती आहे ते आठवडाभर लिहून काढा. आकडा बराच वेगळा निघू शकतो. डब्यावर ‘हायड्रोक्लोराइड’ लिहिलंय का तेही बघा. त्या क्षाराच्या एका ग्रॅममध्ये खरं फेनिबट सुमारे ०.८३ ग्रॅमच असतं. मधेच दुसऱ्या प्रकारची पावडर आणलीत तर वजन तेच राहूनही डोस बदलतो, आणि आपण कमी करतोय की वाढवतोय हेच कळेनासं होतं. म्हणून शेवटपर्यंत एकच प्रकार ठेवा. दिवसाचं एकूण प्रमाण दोनाऐवजी तीन वेळांत विभागलं तर मधल्या काळातली उतरण सौम्य होते. हा बदल मात्र डॉक्टरांना विचारून करा.

प्रमाण स्थिर झालं की कमी करायला सुरुवात. अडीच ग्रॅमचा दहावा भाग म्हणजे २५० मिलिग्रॅम. दर आठवड्याला तेवढं कमी केलं तर सहा आठवड्यांत तुम्ही एक ग्रॅमवर याल. पण तिथून तीच पायरी ठेवली तर ती एकदम चौथा हिस्सा होते आणि शरीराला ती मोठी उडी वाटते. बरेच जण इथेच अडखळतात आणि ‘एवढं थोडं उरलं असताना जमत नाही’ म्हणून स्वतःला दोष देतात. एक ग्रॅमखाली आठवड्याला १०० मिलिग्रॅम धरा, म्हणजे आणखी दहा आठवडे. एकूण साधारण चार महिने. एखाद्या पायरीवर झोप उडाली, थरथर आली, तर आहात तिथेच आणखी एक-दोन आठवडे थांबा. थांबणं म्हणजे अपयश नाही. टाळायचं ते एकच: वाईट दिवशी वर चढणं आणि चांगल्या दिवशी दोन पायऱ्या एकदम उतरणं. अशा हेलकाव्यांत मेंदूला जुळवून घ्यायला वेळच मिळत नाही.

दुसरा मार्ग बॅक्लोफेनचा. ते त्याच ग्राहकांवर काम करत असल्यामुळे काही डॉक्टर फेनिबट टप्प्याटप्प्यानं कमी करत तिथं बॅक्लोफेन देतात आणि मग तेही हळूहळू थांबवतात. २०१३मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका रुग्णाच्या नोंदीत ही अदलाबदल सुमारे नऊ आठवड्यांत केली होती. यातलं ज्ञान अशा एकेका रुग्णाच्या नोंदींवरच उभं आहे, मोठे अभ्यास त्यामागे नाहीत, म्हणून डॉक्टर सावधपणे जातील आणि जायलाच हवं. बॅक्लोफेन स्वतःच्या मनानं मात्र आणू नका. जास्त झालं तर ते बेशुद्ध करतं, मूत्रपिंड अधू असेल तर लवकर साचतं, आणि तेही अचानक थांबवलं तर फिट येऊ शकते. एका न मोजलेल्या पदार्थाच्या जागी दुसरा आणण्यात काही कमाई नाही.

डॉक्टर म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ किंवा व्यसनमुक्तीचं काम करणारे डॉक्टर. त्यांनी फेनिबटचं नाव ऐकलेलं नसेल, ही शक्यता धरूनच जा. त्यावर रागावू नका आणि ‘एक सप्लिमेंट घेतो’ एवढंच सांगून गप्पही बसू नका. असं सांगा: “मी आठ महिने फेनिबट घेतोय, काही महिन्यांपासून रोज, सध्या अडीच ग्रॅम. ते बॅक्लोफेनसारखं गाबा-बीवर काम करतं आणि काही प्रमाणात प्रीगॅबालिनसारखंही. दोन दिवस थांबलं तेव्हा थरथर, निद्रानाश आणि भास झाल्यासारखं झालं.” एवढ्या तीन वाक्यांत त्यांना दिशा मिळते. डबा सोबत न्या. अमली पदार्थांसाठी लघवीची जी नेहमीची तपासणी करतात तिच्यात फेनिबट दिसत नाही. तुम्ही सांगितलं नाहीत तर कुठल्याही रिपोर्टमधून ते कुणाला कळणार नाही.

म्हणूनच बायकोला सांगा असं मी म्हणते. लपवाछपवी वाईट वगैरे उपदेश मला करायचा नाही. साधं कारण असं, की ज्या अवस्थेत तुम्हाला रुग्णालयात न्यावं लागेल, त्या अवस्थेत तुम्ही काय घेतलंय हे तुम्हाला सांगता येणार नाही. भानावर नसलेला, घामानं भिजलेला, नसलेल्या माणसाशी बोलणारा रुग्ण आला आणि कुणालाच फेनिबट माहीत नसलं, तर हा मानसिक आजाराचा झटका समजला जाण्याची भीती असते. मग उपचारही त्या दिशेनं जातात, आणि मनोविकारावरच्या काही औषधांनी फिट येण्याची शक्यता उलट वाढते. हे एक नाव तिला ठाऊक असलं तर डॉक्टरांचे कित्येक तास वाचतील. तिला ही लक्षणंही सांगून ठेवा: फिट, भास, आपण कुठे आहोत हे न कळणं, खूप ताप, स्नायू ताठ होणं, लघवीचा रंग गडद तपकिरी होणं. यातलं काहीही दिसलं तर वाट न बघता रुग्णालयात. आणि उलट बाजूनं, हाक मारूनही जाग येत नाही, श्वास संथ किंवा अडखळत चाललाय, तर ते जास्त घेतल्याचं लक्षण आहे. तेही तेवढंच तातडीचं.

हे सदर वाचणाऱ्या इतरांपैकी कुणाच्या कपाटात झोपेचं, तणावाचं किंवा व्यायामानंतरच्या विश्रांतीचं मिश्रण असेल, तर त्याच्या लेबलावर ‘फेनिबट’ शोधाच. शिवाय ‘बीटा-फेनिल-गाबा’ आणि ‘४-अमिनो-३-फेनिलब्युटिरिक अ‍ॅसिड’ हीसुद्धा त्याचीच नावं आहेत. अंतराळवीरांच्या औषधपेटीत ते होतं अशी जाहिरात दिसेल. पेटीतलं औषध डॉक्टरांनी ठरवून दिलेलं होतं, सकाळ-संध्याकाळ चमच्यानं घ्यायला नव्हतं. महिन्यात एखाद्या वेळी थोडं घेतलं असेल तर ते आजच बंद करायला सहसा काही अडचण नसते. रोज घ्यायला लागला असाल, किंवा एक दिवस चुकला की बिनसतंय असं वाटत असेल, तर वर लिहिलेलं सगळं तुम्हालाही लागू आहे, डोस अडीच ग्रॅमपेक्षा बराच कमी असला तरी.

राहिली तुमची मूळची भीती, चारचौघांत बोलण्याची. ती खरी आहे आणि तिच्यावर चांगले उपचार आहेत: भीती वाटणाऱ्या प्रसंगांना थोडं थोडं सामोरं जायला शिकवणारी विचार-वर्तन उपचारपद्धती, गरज पडली तर सवय न लावणारी चिंतेवरची औषधं, आणि फक्त प्रसंगापुरती धडधड कमी करणारं प्रोप्रॅनोलॉलसारखं औषध, जे दमा असलेल्यांना चालत नाही. समुपदेशन डोस कमी करत असतानाच सुरू करता येईल आणि करावं, म्हणजे फेनिबट उतरत जाईल तसा हाताशी दुसरा आधार असेल. मात्र ‘माझी चिंता नक्की किती आहे’ याचा निकाल त्या चार महिन्यांत लावू नका. शेवटचा डोस घेतल्यावर झोप स्थिरावू द्या, दोन-तीन महिने जाऊ द्या आणि मग डॉक्टरांसोबत बसून ठरवा.

या आठवड्यात मात्र एवढंच करा: वजनकाटा मागवा, डॉक्टरांची वेळ घ्या, आणि बायकोशी शुक्रवारच्या आधी बोला. डॉक्टरांची वेळ लांबची मिळाली तर हातातली पावडर तोवर पुरेल ना, तेही आजच मोजून बघा. पुरणार नसेल तर संपेपर्यंत थांबू नका, तसं फोनवर सांगून आधीची वेळ मागा, आणि तरी नाही मिळाली तर पावडर संपण्याआधी एखाद्या मोठ्या रुग्णालयात डबा घेऊन जा.